उत्तर ४०.०५ ग्रॅम आलंय? लिमिटिंग रिएजंट नेमका कुठे चुकला ते असं शोधा

वह्या तपासताना एक आकडा मला आता लांबूनच ओळखू येतो: ४०.०५. गणित साधंच असतं. ८.१ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि २८.४ ग्रॅम क्लोरीन वायू घेतला, तर ॲल्युमिनियम क्लोराइड जास्तीत जास्त किती मिळेल? बरोबर उत्तर ३५.६ ग्रॅम. पण प्रत्येक नव्या गटात कुणीतरी ४०.०५ काढून खाली दोन रेघा मारून ठेवलेल्या असतातच.

सुरुवातीला मला वाटायचं, सगळे एकमेकांच्या वहीत बघून लिहितात. मग वह्या मागून पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की या आकड्याकडे यायला चार वेगळ्या वाटा आहेत. एकाने समीकरण संतुलित केलेलं नसतं, एकीने क्लोरीनचं मोलर वस्तुमान अर्धंच घेतलेलं असतं, कुणी मोलची सरळ तुलना केलेली असते, तर कुणाचं गुणोत्तर उलटं मांडलेलं असतं. चौघांचंही उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. त्यामुळे उत्तर पाहून चूक आहे एवढंच समजतं, चूक कुठली ते समजत नाही. म्हणून मी तपासण्यांचा एक क्रम ठरवून ठेवलाय. पहिलीला दहा सेकंद लागतात, शेवटचीला अर्धं पान.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी लिमिटिंग रिएजंट ठरवण्यात गडबड आहे असं धरून चाला.

- तयार झालेल्या पदार्थाचं वजन सुरुवातीच्या एकूण वजनापेक्षा जास्त येतंय.
- शिल्लक राहिलेला अभिक्रियाकारक ऋण येतोय. कधीकधी हा ऋण चिन्ह खोडरबराने पुसलेलाही सापडतो.
- ॲल्युमिनियमकडून सुरुवात केली तर एक निकाल, क्लोरीनकडून केली तर दुसरा.
- आधीची दहा गणितं बरोबर आली आणि हे एकच अडलंय.

शेवटचं लक्षण सगळ्यांत फसवं. `Fe + S → FeS` किंवा `HCl + NaOH → NaCl + H₂O` यांसारख्या अभिक्रियांत दोन्ही अभिक्रियाकारकांचे सहगुणक एकच असतात. तिथे मोलची सरळ तुलना केली, गुणोत्तर उलटं लिहिलं, काहीही केलं तरी निकाल बरोबरच येतो. चूक तिथेही असतेच, पण झोपलेली असते. सहगुणक वेगळे आले की जागी होते.

तपासणी १: वजनांची बेरीज

सगळ्यांत स्वस्त तपासणी. मोल, सहगुणक, काही लागत नाही. सुरुवातीची दोन्ही वजनं मिळवा: ८.१ + २८.४ = ३६.५ ग्रॅम. भांड्यात एवढाच माल आहे. त्यातून ४०.०५ ग्रॅम काहीही बाहेर येऊ शकत नाही. विषय तिथेच संपला.

ही तपासणी दिसते त्यापेक्षा ताकदवान आहे. चुकीचा अभिक्रियाकारक लिमिटिंग धरला, म्हणजे जो खरं तर उरणार आहे तो पूर्ण संपेल असं मानलं. तो पूर्ण संपायचा तर दुसरा जितका लागेल तितका आपल्याकडे नसतोच. उत्तरात मात्र तो नसलेला भाग गुपचूप मिसळला जातो. इथेच पाहा: ४०.०५ मधून ३६.५ वजा केले की ३.५५ ग्रॅम उरतात. हा नेमका तेवढाच क्लोरीन, जो सगळं ॲल्युमिनियम संपवायला कमी पडत होता. हवेतून आणलेला क्लोरीन म्हणा ना.

दोन अटी सांभाळा. एकापेक्षा जास्त पदार्थ तयार होत असतील, तर त्या सगळ्यांचं वजन मिळवायचं. अवक्षेपाच्या गणितात फक्त अवक्षेपाचं वजन एकूण वजनाशी ताडून पाहिलं तर ते जवळपास नेहमीच कमी भरेल आणि चूक निसटेल. दुसरं, ‘एकूणपेक्षा कमी आलं म्हणजे बरोबर’ असं समजू नका. ते कसं फसवतं ते सहाव्या तपासणीत येईल.

तपासणी २: समीकरणाकडे पुन्हा पाहा

पाठीमागे जायचं ते थेट पहिल्या ओळीपर्यंत. संतुलित समीकरण असं आहे:

`2Al + 3Cl₂ → 2AlCl₃`

वहीत `Al + Cl₂ → AlCl₃` असं लिहिलेलं असेल, तर पुढचं सगळं गणित एकास एक या गुणोत्तरावर चाललंय. ०.३०० मोल ॲल्युमिनियम, ०.४०० मोल क्लोरीन, एकास एक, म्हणजे ॲल्युमिनियम आधी संपणार, म्हणजे ०.३०० मोल क्लोराइड, म्हणजे ४०.०५ ग्रॅम. ही पहिली वाट.

सहगुणक नुसते ‘आहेत ना’ एवढं पाहून पुढे जाऊ नका. डावीकडचे आणि उजवीकडचे अणू बोटाने मोजा: ॲल्युमिनियम दोन आणि दोन, क्लोरीन सहा आणि सहा. लिमिटिंग रिएजंटचा अख्खा निकाल या २ आणि ३ या दोन आकड्यांवर उभा आहे, आणि ते प्रश्नात दिलेले नसतात, आपण लिहिलेले असतात.

एक बारीकशी गोष्ट. ॲल्युमिनियम क्लोराइडच्या वाफेत रेणू जोडीने असतात, म्हणून कुणी समीकरण `2Al + 3Cl₂ → Al₂Cl₆` असं लिहितं. घाबरू नका. लिमिटिंग रिएजंट डावीकडच्या दोन सहगुणकांवरून ठरतो आणि ते २ आणि ३ च आहेत. उजवीकडे मोल निम्मे होतात, मोलर वस्तुमान दुप्पट होतं, आणि वजन ३५.६ ग्रॅमच राहतं.

तपासणी ३: ग्रॅमचे मोल नीट झालेत का

ॲल्युमिनियमचं मोलर वस्तुमान २७, म्हणून ८.१ ÷ २७ = ०.३०० मोल. इथे सहसा कुणी चुकत नाही.

क्लोरीनपाशी चुकतात. आवर्तसारणीत ३५.५ लिहिलंय, ते उचललं, २८.४ ÷ ३५.५ = ०.८०० मोल. पण ३५.५ हे क्लोरीनच्या अणूंचं आहे. समीकरणात `Cl₂` आहे, म्हणजे सहगुणक ३ हा रेणूंचा आहे. रेणू मोजायचे तर ७१ ने भागायचं: २८.४ ÷ ७१ = ०.४०० मोल. ०.८०० धरले तर क्लोरीन भरपूर वाटतो, ॲल्युमिनियम आधी संपतं, आणि पुन्हा ४०.०५. ही दुसरी वाट.

नियम सोपा आहे: ज्या सूत्रापुढे सहगुणक लिहिलाय, त्याच सूत्राचं मोलर वस्तुमान घ्या. `Cl₂` पुढे ३ आहे तर `Cl₂` चं. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्याबाबतीतही हेच. एका मुलीने मला विचारलं होतं, “सर, अणूंचे मोल घेऊन गणित सुटणारच नाही का?” सुटेल, मग सहगुणकही अणूंचा घ्यावा लागेल, म्हणजे ३ च्या जागी ६. ०.८०० ला ६ ने भागा, किंवा ०.४०० ला ३ ने, दोन्हीकडे ०.१३३ च येतात. अडचण अणू मोजण्यात नाही, अणू मोजून रेणूंचा सहगुणक लावण्यात आहे.

द्रावणाचं गणित असेल तर याच टप्प्यावर मिलीलिटरचे लिटर झालेत का ते पाहा. दोन्ही द्रावणं मिलीलिटरमध्येच ठेवली तर हजाराचा घोटाळा दोन्हीकडे सारखा होतो आणि लिमिटिंग रिएजंट योगायोगाने बरोबर निघतो. एक द्रावण आणि एक घन पदार्थ असेल तर मात्र निकाल पार बिघडतो.

तपासणी ४: गुणोत्तर कशाचं कशाला

इथे थोडं थांबावं लागेल, कारण उरलेल्या दोन्ही वाटा या टप्प्यातून जातात.

तिसरी वाट म्हणजे मोलची सरळ तुलना. ०.३०० आणि ०.४०० शेजारी शेजारी लिहायचे आणि लहान तो लिमिटिंग म्हणून मोकळं व्हायचं. या गणितात ॲल्युमिनियम ग्रॅममध्येही कमी आहे आणि मोलमध्येही कमी आहे, तरीसुद्धा आधी संपतो तो क्लोरीन. म्हणूनच मी हे आकडे मुद्दाम देतो. किती आहे याला महत्त्व नाही, लागतं त्याच्या मानाने किती आहे याला आहे. क्लोरीन तिपटीने खर्च होतो, ॲल्युमिनियम दुपटीने.

चौथी वाट जास्त गमतीची, कारण तिच्यावर अभ्यास केलेली मुलं सापडतात. त्यांना माहीत असतं की गुणोत्तराची तुलना करायची आहे. ती दोन गुणोत्तरं काढतातही. हातातलं गुणोत्तर: ०.४०० ÷ ०.३०० = १.३३. समीकरणातलं गुणोत्तर: २ ÷ ३ = ०.६७. हातातलं मोठं, म्हणजे क्लोरीन जास्त आहे, म्हणजे ॲल्युमिनियम लिमिटिंग. तर्क स्वच्छ, निकाल चूक. कारण पहिल्या अपूर्णांकात क्लोरीन वर आहे आणि दुसऱ्यात ॲल्युमिनियम. समीकरण डावीकडून वाचलं की आधी २ दिसतो, म्हणून हात आपोआप २ वर लिहितो.

यावर माझा एकच उपाय आहे आणि तो मी हट्टाने करून घेतो: आकड्यांच्या आधी शब्द लिहायचे. एक ओळ अशी:

क्लोरीनचे मोल ÷ ॲल्युमिनियमचे मोल

आणि मग त्या ओळीखाली दोन आकडे:

- लागणारं गुणोत्तर: ३ ÷ २ = १.५०
- हातातलं गुणोत्तर: ०.४०० ÷ ०.३०० = १.३३

आता वाचायचं कसं? वर क्लोरीन आहे. दर एक मोल ॲल्युमिनियममागे दीड मोल क्लोरीन हवा, आहे सव्वापेक्षा थोडा जास्त. वरचा कमी पडला. म्हणून क्लोरीन लिमिटिंग. हातातलं गुणोत्तर लागणाऱ्यापेक्षा लहान असेल तर वरचा पदार्थ आधी संपतो, मोठं असेल तर खालचा, आणि दोन्ही सारखी असतील तर दोघे एकदम संपतात. हे पाठ करायची गरज नाही. शब्दांची ओळ लिहिलेली असली की वाक्य आपोआप तयार होतं: ‘एकाला दीड हवा, सव्वाच्या आसपास आहे.’

गुणोत्तराऐवजी भागाकाराची पद्धत वापरत असाल, तर तीही तीच गोष्ट सांगते. प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने भागायचे:

- ॲल्युमिनियम: ०.३०० ÷ २ = ०.१५०
- क्लोरीन: ०.४०० ÷ ३ = ०.१३३

लहान आला क्लोरीन. हा भागाकार म्हणजे काय ते समजून घेतलं तर पुढची एक मोठी चूक टळते. समीकरण जसंच्या तसं एकदा घडलं तर त्याला एक फेरी म्हणू. एका फेरीत २ मोल ॲल्युमिनियम आणि ३ मोल क्लोरीन जातात. ॲल्युमिनियमचा साठा ०.१५० फेऱ्या पुरेल, क्लोरीनचा ०.१३३ फेऱ्या. ज्याच्या फेऱ्या आधी संपल्या त्याने अभिक्रिया थांबवली. म्हणजे ०.१३३ हे मोल नाहीत, फेऱ्या आहेत. हे लक्षात असू द्या.

तपासणी ५: दुसऱ्या बाजूने येऊन पाहा

आतापर्यंत एकाच दिशेने आलो. आता दोन्ही अभिक्रियाकारकांना आळीपाळीने विचारायचं की तू पूर्ण संपायचं ठरवलंस तर समोरच्याचे किती लागतील?

ॲल्युमिनियमला विचारलं: ०.३०० × ३ ÷ २ = ०.४५० मोल क्लोरीन हवा. आहे ०.४००. पुरत नाही.

क्लोरीनला विचारलं: ०.४०० × २ ÷ ३ = ०.२६७ मोल ॲल्युमिनियम हवं. आहे ०.३००. पुरून उरतं.

दोन्ही उत्तरं एकाच माणसाकडे बोट दाखवतात. दोन वेगळ्या अभिक्रियाकारकांच्या बाजूने विचारलं तर एकदा ‘पुरत नाही’ आणि एकदा ‘उरतं’ असंच यायला हवं. दोन्हीकडे ‘पुरत नाही’ किंवा दोन्हीकडे ‘उरतं’ आलं, तर एका ओळीत गुणोत्तर उलटं लागलंय हे नक्की.

ही तपासणी चौथीच्या आधी का नाही ठेवली? कारण जो दोन्ही ओळींत गुणोत्तर उलटं लिहितो, त्याला ती पकडत नाही. त्याचं पाहा: ॲल्युमिनियमकडून ०.३०० × २ ÷ ३ = ०.२००, आहे ०.४००, उरतो. क्लोरीनकडून ०.४०० × ३ ÷ २ = ०.६००, आहे ०.३००, पुरत नाही. एकदा उरतं, एकदा पुरत नाही, छान जुळलं! फक्त निकाल ॲल्युमिनियमच्या बाजूने लागला. उलटी चूक सातत्याने केली तर ती स्वतःशी सुसंगत असते. तिला धरायला शब्दांची ओळ लागते, नाहीतर पहिली तपासणी.

तपासणी ६: पूर्ण हिशेब, शिलकीसकट

सगळ्यांत वेळखाऊ. पण ज्यांचं उत्तर ४०.०५ नाही आणि ३५.६ ही नाही, त्यांना ही करावीच लागते.

पदार्थागणिक तीन आकडे लिहा: सुरुवातीला किती, खर्च किती, शेवटी किती. फेऱ्या ०.१३३३ धरून:

- ॲल्युमिनियम: होतं ०.३०००, गेलं २ × ०.१३३३ = ०.२६६७, उरलं ०.०३३३ मोल, म्हणजे ०.९ ग्रॅम
- क्लोरीन: होता ०.४०००, गेला ३ × ०.१३३३ = ०.४०००, उरला शून्य
- ॲल्युमिनियम क्लोराइड: नव्हतं, तयार झालं २ × ०.१३३३ = ०.२६६७ मोल, गुणिले १३३.५, म्हणजे ३५.६ ग्रॅम

शेवटची बेरीज: ३५.६ + ०.९ = ३६.५ ग्रॅम. सुरुवातीएवढीच. इथे ‘कमी’ किंवा ‘जवळपास’ चालत नाही, बरोबर जुळायला हवं.

आता ती मघाची राहिलेली गोष्ट. काहींचं उत्तर १७.८ ग्रॅम येतं. लिमिटिंग रिएजंट बरोबर ओळखलेला असतो, भागाकार बरोबर, लहान निवडलेला बरोबर, आणि मग ०.१३३ ला सरळ १३३.५ ने गुणलेलं. १७.८ हे ३६.५ पेक्षा कमी, म्हणून पहिली तपासणी त्याला हसत हसत सोडून देते. पण ०.१३३ फेऱ्या होत्या. दर फेरीला २ मोल क्लोराइड तयार होतं, तो २ गुणायचा राहिला. शिलकीसकट बेरीज केली की १७.८ + ०.९ = १८.७, आणि अर्धा माल कुठे गेला हा प्रश्न समोर उभा राहतो. म्हणून मी म्हणतो, एकूणपेक्षा जास्त आलं तर नक्की चूक, पण कमी आलं तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

निकाल काठावर असेल तेव्हा

वरची सगळी तपासणी करूनही कधी कधी दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. गणितात ॲल्युमिनियमची शुद्धता दिली असेल तर हे होतं.

समजा ८.१ ग्रॅम ॲल्युमिनियम ९० टक्के शुद्ध आहे. खरं ॲल्युमिनियम ७.२९ ग्रॅम, म्हणजे ०.२७० मोल. २ ने भागले तर ०.१३५. क्लोरीनचे ०.१३३ अजूनही लहान, निकाल तोच. शुद्धता ८५ टक्के असेल तर ६.८८५ ग्रॅम, ०.२५५ मोल, २ ने भागून ०.१२७५. आता ॲल्युमिनियम लिमिटिंग झालं! अभिक्रिया तीच, तराजूवरची वजनं तीच, निकाल उलटला. त्यामुळे शुद्धतेची दुरुस्ती मोल काढण्याआधी करायची, उत्तर आल्यावर त्याला टक्क्यांनी गुणायचं नाही. उत्तराला टक्के लावणं ही वेगळी गोष्ट आहे, ती प्रत्यक्ष उत्पन्नासाठी.

काठावर असताना मधले आकडे तोडूही नका. ०.१३५ आणि ०.१३३ यांना एका दशांशावर आणलं तर दोन्ही ०.१ होतात. मध्ये निदान चार अंक ठेवा, शेवटच्या उत्तरात काय तोडायचं ते तोडा.

अगदी टोकाचं उदाहरण म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियम ७.२ ग्रॅम आणि क्लोरीन २८.४ ग्रॅम. २७ आणि ७१ वापरले तर दोन्ही भागाकार नेमके ०.१३३३. कुणीच लिमिटिंग नाही. त्याच गणितात २६.९८ आणि ७०.९० वापरले तर ०.१३३४ आणि ०.१३३५ येतात आणि ॲल्युमिनियम केसभर आधी संपतं. यावर दोन मुलं तावातावाने भांडताना मी पाहिली आहेत. फरक एक दशांश टक्क्याच्याही आत आहे. ७.२ हे वजनच मुळात दोन अंकांपुरतं खात्रीचं आहे, त्यावरून असा निवाडा करताच येत नाही. अशा वेळी ‘दोन्ही समप्रमाणात आहेत’ असं लिहायचं.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

काही ठिकाणी कितीही वेळा गुणोत्तर तपासलं तरी उपयोग नसतो, कारण दोष हिशेबात नसून प्रश्नाच्या मांडणीत असतो.

पहिली जागा: त्याच दोन अभिक्रियाकारकांतून वेगवेगळे पदार्थ होऊ शकतात. फॉस्फरस आणि क्लोरीन घ्या. `P₄ + 6Cl₂ → 4PCl₃` हेही संतुलित, `P₄ + 10Cl₂ → 4PCl₅` हेही संतुलित. हातात ०.१ मोल `P₄` आणि ०.८ मोल `Cl₂` आहे. पहिल्या समीकरणाने ०.६ मोल क्लोरीन पुरतो, म्हणजे फॉस्फरस लिमिटिंग. दुसऱ्याने १.० मोल लागतो, म्हणजे क्लोरीन लिमिटिंग. दोन्ही हिशेब निर्दोष. कोणतं समीकरण लागू आहे हे प्रश्नात सांगितलेलं नसेल, तर ते मोलच्या गुणोत्तरातून निघणार नाही. शिक्षकांना विचारा, अंदाजाने एक निवडू नका.

दुसरी जागा: अभिक्रिया पूर्ण होत नाही, समतोलाला येऊन थांबते. तिथे लिमिटिंग रिएजंट जास्तीत जास्त किती मिळेल तेवढं सांगतो, प्रत्यक्षात किती मिळेल ते नाही. समतोल स्थिरांक दिलेला असेल तर ते वेगळं गणित आहे.

तिसरी जागा: पुस्तकामागचं उत्तर तुमच्याशी जुळत नाही, आणि तुमची शिलकीसकट बेरीज मात्र काटेकोर जुळते. सहाही तपासण्या एकदा करून झाल्या असतील तर तुमचं उत्तर पुस्तकाकडे ओढत बसू नका. छापील उत्तरंही चुकतात. मी स्वतः एका गणितावर अख्खी संध्याकाळ घालवली होती, शेवटी कळलं की छापताना सहगुणकातला एक आकडा गळला होता.

चौथी जागा प्रयोगशाळेतली. वरचं गणित कागदावरचं आहे. क्लोरीन विषारी वायू आहे, ॲल्युमिनियमशी त्याची अभिक्रिया भरपूर उष्णता देते, आणि तयार झालेलं कोरडं ॲल्युमिनियम क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशीही हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडतं. गुणोत्तर पडताळायला म्हणून हे कुठेही करून पाहायचं नाही. खऱ्या अभिक्रियेसाठी प्रमाण ठरवायचं असेल तर हिशेब प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडून तपासून घ्या, कारण तिथे जादा कोणता पदार्थ ठेवायचा हे सुरक्षिततेवरही ठरतं.

विचारायला जाताना कोरी वही आणि ‘सर, उत्तर येत नाही’ एवढंच घेऊन जाऊ नका. तुम्ही लिहिलेलं समीकरण, ‘याचे मोल भागिले त्याचे मोल’ ही शब्दांची ओळ, तिच्याखालची दोन गुणोत्तरं आणि सुरुवातीच्या वजनांची बेरीज, एवढं एका पानावर असलं की समोरच्याला चूक शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत.